जिन्यातला दिवा एक मिनिटाने आपोआप विझवायचा तर

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत जिन्याचा दिवा रात्रभर जळायचा, कारण वर पोहोचलेला माणूस तो बंद करायला पुन्हा खाली येत नाही. बटण दाबलं की साठ सेकंद दिवा, मग अंधार, एवढंच हवं होतं. ५५५ टायमर चिपला हे सहज जमतं.

बारा व्होल्टवर आधी ब्रेडबोर्डवर जुळवा. आठ आणि चार नंबरची पिन प्लसला, एक मायनसला. सहा आणि सात एकत्र जोडा. त्या जोडापासून रेझिस्टर प्लसला, कपॅसिटर मायनसला. पाच नंबरपासून मायनसला ०.०१ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर. दोन नंबरपासून दहा किलोओहम प्लसला, बटण मायनसला. तीन नंबरला एक किलोओहममधून एलईडी.

बटण दाबलं की कपॅसिटर भरू लागतो. व्होल्टेज पुरवठ्याच्या दोन-तृतीयांशाला, इथे ८ व्होल्टला, पोहोचलं की चिप दिवा विझवते आणि कपॅसिटर रिकामा करते. त्याला लागणारा वेळ:

```
t = 1.1 × R × C
```

आधी कपॅसिटर ठरवा, कारण तो बाजारात मोजक्याच मूल्यांत मिळतो. १०० मायक्रोफॅरड घेतला, तर

```
R = 60 / (1.1 × 0.0001) ≈ 545000
```

म्हणजे ५४५ किलोओहम. दुकानात ५६० मिळतो, त्याने ६१.६ सेकंद येतात. कागदावर झकास! पण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेला आकडा वीस टक्के इकडेतिकडे असू शकतो. माझा ११८ निघाला आणि दिवा ७३ सेकंद जळला. म्हणून ३९० किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये ४७० चा प्रीसेट लावा, मग घड्याळ बघून प्रीसेट फिरवा.

दिवा विझतच नसेल, तर मल्टिमीटरने कपॅसिटरवरचं व्होल्टेज बघा. ते ८ च्या खाली अडकलं असेल, तर कपॅसिटर गळका आहे. शेवटी शेवटी रेझिस्टरमधून जेमतेम ७ मायक्रोअँपिअर येतात. तेवढेच गळून गेले तर भरणार काय? भंगारातल्या रेडिओमधून काढलेला कपॅसिटर इथे चालत नाही. पाच मिनिटं हवी असली, तरी रेझिस्टर मेगाओहमांत नेण्याआधी हे आठवा.

विझत नसण्याचं दुसरं कारण बटण. वेळ संपल्यावरही दोन नंबरची पिन खालीच असेल, तर दिवा चालूच राहतो. पावसाळ्यात आमचं बटण असंच चिकटलं होतं. त्यावर उपाय: बटण आणि पिनमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला, आणि बटणाच्या बाजूच्या टोकापासून १०० किलोओहम प्लसला द्या. मग बटण दाबून धरलं तरी चिपला क्षणभराचाच धक्का मिळतो.

वेळ जमली की एलईडीच्या जागी ट्रान्झिस्टरमधून रिले लावा, कॉइलवर उलटा डायोड हवाच. रिलेपलीकडची २३० व्होल्टची जोडणी मात्र वायरमनकडून करून घ्या.