अँटिबायोटिकनंतरचे जुलाब : या चुका टाळा

अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना किंवा तो संपल्यावर जुलाब लागले, की आपल्याकडे पहिला संशय जातो तो खाण्यावर. यात्रेतलं जेवण, कालची मिसळ, टँकरचं पाणी. मग नेहमीच्या पोट बिघडण्यावरचे नेहमीचे उपाय सुरू होतात. या एका प्रसंगात त्यातले बरेचसे उपाय उलटे पडतात, कारण बिघाड खाण्यात नसतो. तो आतड्यात राहणाऱ्या आपल्याच जिवाणूंच्या वस्तीत झालेला असतो.

मोठ्या आतड्यात ही वस्ती विलक्षण दाट असते. एक ग्रॅम मळात सुमारे शंभर अब्ज जिवाणू असतात आणि त्यातले बहुतेक प्राणवायू सहन न होणारे. उसाचं पीक दाट वाढून सऱ्या झाकल्या, की खाली तणाला ऊन मिळत नाही, तसं बाहेरून आलेल्या रोगजंतूला इथं रुजायला जागा आणि अन्न मिळत नाही. याला कॉलनायझेशन रेझिस्टन्स म्हणतात. शिकागोत बॉनहॉफ आणि मिलर यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत त्याची ताकद दिसली. एरवी निम्म्या उंदरांना साल्मोनेलाची लागण व्हायला सुमारे एक लाख जंतू लागत. तोंडावाटे स्ट्रेप्टोमायसीन हे अँटिबायोटिक दिल्यावर दहापेक्षा कमी पुरले.

हा प्रतिकार नुसत्या गर्दीचा नसतो, त्यामागे रसायनही असतं. यकृतातून येणारं पित्ताम्ल आतड्यातले काही मोजके जिवाणू बदलून टाकतात. क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स हा त्यांतला सर्वांत अभ्यासलेला. त्यांनी तयार केलेलं डीऑक्सिकोलिक आम्ल क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या रोगजंतूची वाढ रोखतं. हे जिवाणू अँटिबायोटिकने मेले, की मूळ पित्ताम्ल तसंच साचून राहतं, आणि त्यातलं टॉरोकोलेट तर डिफिसिलच्या सुप्त बीजाणूंना जागं करतं. बीजाणूंवर अँटिबायोटिकचा परिणाम होत नाही. म्हणजे एकाच गोळीने राखणदार जातात आणि शत्रूला उठायचा इशारा मिळतो.

आता एक उदाहरण घेऊ. तासगावकडच्या साठी ओलांडलेल्या एक आजी. दाढ काढली, गळू होतं म्हणून क्लिंडामायसिन सुरू झालं. शिवाय ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल कित्येक महिने चालूच होतं. कोर्स संपल्यावर आठवड्याभराने दिवसाला आठ-दहा वेळा पाण्यासारखे जुलाब, पोटात कळ, बारीक ताप. मुलाने मेडिकलमध्ये सांगितलं, "आईचं पोट बिघडलंय, गोळी द्या." ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी आणि सोबत लोपेरामाइड मिळालं. संडास थांबली, घरच्यांना बरं वाटलं. पण दोन दिवसांत पोट फुगून टणक झालं आणि ताप चढला. मिरजेला नेलं तेव्हा पांढऱ्या पेशी एकोणीस हजार होत्या, क्रिएटिनिन १.६. शौचाच्या तपासणीत जंतूची खूण असलेलं जीडीएच पॉझिटिव्ह, त्याचं विष म्हणजे टॉक्सिनही पॉझिटिव्ह. निदान झालं डिफिसिलच्या संसर्गाचं. पांढऱ्या पेशी पंधरा हजारांच्या वर किंवा क्रिएटिनिन १.५ च्या वर गेलं, तर तो गंभीर धरतात.

इथं दोन चुका झाल्या. पहिली, जुलाबावर दुसरं अँटिबायोटिक. ऑफ्लॉक्सासिन ज्या फ्लुरोक्विनोलोन गटातलं आहे, तो गट या आजाराशी क्लिंडामायसिन आणि सेफॅलोस्पोरिनप्रमाणेच जोडला गेलेला आहे. ऑर्निडाझोल प्राणवायू न लागणाऱ्या जिवाणूंवर चालतं, म्हणजे उरलीसुरली चांगली वस्तीही त्याच्या तडाख्यात येते. दुसरी चूक लोपेरामाइडची. आतड्याला इजा करतात ती जंतूची टॉक्सिन ए आणि बी. आतड्याची हालचाल थांबवली तर ती तिथंच साचून राहण्याची भीती असते, म्हणून योग्य औषध सुरू होण्याआधी अशी गोळी टाळायला सांगतात. संडास थांबली पण पोट फुगलं, तर ते बरं होण्याचं लक्षण समजू नका. तसंच, गरज नसताना वर्षानुवर्षं चाललेलं पँटोप्राझोल हाही या आजाराशी आढळणारा एक धोका आहे. ते चालू ठेवायचं का, हे डॉक्टरांना एकदा विचाराच.

आजींना व्हँकोमायसिन १२५ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, दहा दिवस, तोंडावाटे दिलं. "एवढी आजारी आहे, शिरेतून का देत नाही?" असं नातेवाईक विचारतात. शिरेतून दिलेलं व्हँकोमायसिन आतड्याच्या पोकळीत पुरेसं उतरत नाही आणि जंतू तर तिथंच असतो. या आजारात तोंडावाटे दिलेलं औषधच ताकदीचं.

याचा अर्थ अँटिबायोटिकनंतरचे सगळे जुलाब डिफिसिलचे, असा नाही. बहुतेक तसे नसतात. औषध संपल्यावर साधारण मीठ-साखर-पाण्यावर आणि हलक्या जेवणावर ते निवळतात. संशय घ्यायचा तो चोवीस तासांत तीन किंवा अधिक पातळ शौच, ताप, पोटदुखी असेल आणि मागच्या दोन-तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेलं असेल तेव्हा. हा कालावधी लोक विसरतात. डॉक्टर विचारतात, "हल्ली काही औषध?" आणि उत्तर येतं, "नाही," कारण दाढेची गोळी महिन्यापूर्वीच संपलेली असते. जुनी चिठ्ठी सोबत न्या. आणि घट्ट शौच तपासणीला देऊ नका. डिफिसिल काहींच्या आतड्यात निमूट राहतो, तान्ह्या बाळांत तर बऱ्याचदा, आणि तिथं पॉझिटिव्ह रिपोर्टने गोंधळच वाढतो.

दह्याबद्दल सगळेच विचारतात. दही खावं, ताकही प्यावं, पचत असेल तर अडचण नाही. पण विरजणातले लॅक्टोबॅसिलस पित्ताम्ल बदलण्याचं ते काम करत नाहीत, त्यामुळे गेलेली वस्ती दह्याने परत आली असं धरून डॉक्टरकडे जाणं लांबवू नका. प्रोबायोटिक कॅप्सूलचंही तसंच. २०१८ साली इस्राएलमधल्या संशोधकांनी दाखवलं, की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्या लोकांत त्यांचे स्वतःचे जिवाणू परतायला उलट उशीर लागला. तो छोटा अभ्यास होता, पण "नुकसान तर नाही ना" म्हणून डोळे झाकून घेण्याआधी विचार करायला लावणारा नक्कीच आहे.

घरात रुग्ण असताना सॅनिटायझरवर विसंबू नका. अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुतले तरच ते निघून जातात. संडासाची भांडी, नळ, कड्या ब्लीचच्या द्रावणाने पुसा, विशेषतः एकच संडास सगळे वापरत असतील तर.

बरं झाल्यावर पुन्हा शौच तपासून "निगेटिव्ह दाखवा" असा आग्रह धरू नका. जुलाब थांबले असले तरी तपासणी कित्येक आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते, आणि केवळ त्या कागदावर पुन्हा औषध सुरू केलं तर सावरू लागलेल्या वस्तीवर नवा घाव बसतो. खरी नजर हवी ती लक्षणांवर. साधारण पाचांपैकी एकाला आजार पुन्हा होतो, बहुतेकदा काही आठवड्यांत, कारण व्हँकोमायसिन डिफिसिलसोबत इतरांनाही मारतं आणि ते थांबेपर्यंत राखणदार परतलेले नसतात. आजींचे जुलाबही तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सुरू झाले. तेव्हा व्हँकोमायसिन कित्येक आठवडे हळूहळू कमी करत नेलं आणि दरम्यान त्यांनी दुसरं कुठलंच अँटिबायोटिक घेतलं नाही. सर्दी झाली तेव्हाही नाही. आजार वारंवार उलटला, तर निरोगी माणसाची तपासलेली शौच रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपायही आहे. २०१३ साली नेदरलँड्समधून प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सोळापैकी तेरा रुग्ण पहिल्याच वेळी बरे झाले होते. हे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचं काम आहे, घरी कधीच नाही.