कन्साइनमेंटचा हिशेब: वाटेत फुटलेल्या खोक्यांची किंमत कशी धरावी

कन्साइनमेंटवर माल पाठवला म्हणजे विकला असे नाही. एजंटच्या गोदामात पडलेला मालही आपलाच असतो, म्हणून पाठवताना विक्री खात्याला हात लावू नका. कन्साइनमेंट खाते उघडून ते मालाच्या खरेदी किमतीने नावे टाका.

समजा, प्रत्येकी 500 रुपयांची 100 खोकी पाठवली आणि पॅकिंग-भाड्यावर 4,000 रुपये खर्च झाले. अपघातात 10 खोकी फुटली. उरलेली 90 एजंटने 1,800 रुपये उतराई देऊन ताब्यात घेतली आणि त्यातली 70 प्रत्येकी 700 रुपयांना विकली. गोदामभाडे 1,000 रुपये झाले. कमिशन विक्रीच्या 10 टक्के ठरले होते.

आधी नुकसान काढा. फुटलेल्या खोक्यांवर आपला पाठवणीचा खर्च झाला होता, एजंटची उतराई नव्हे, कारण ती त्याच्यापर्यंत पोचलीच नाहीत. म्हणून एका खोक्याची किंमत 540 रुपये आणि एकूण नुकसान 5,400 रुपये. ही रक्कम कन्साइनमेंट खात्यात जमा करून असामान्य नुकसान खात्यात नावे टाका. विम्याचे 4,000 रुपये मिळाले, तर उरलेले 1,400 थेट नफा-तोटा खात्यात जातात. अपघाताचा भार विक्रीच्या नफ्यावर पडू नये, एवढ्यासाठीच ही खटपट. (नेहमीची वाळणावळ किंवा गळती असेल, तर वेगळी नोंद नसते, तिचा खर्च उरलेल्या मालावरच चढतो.)

आता शिल्लक माल. 90 खोक्यांचे 48,600 आणि उतराईचे 1,800 मिळून 50,400 रुपये, म्हणजे खोक्याला 560. न विकलेल्या 20 खोक्यांची किंमत 11,200 रुपये. गोदामभाडे आणि कमिशन यात मिळवू नका. माल विक्रीच्या जागी पोचल्यानंतरचे ते खर्च आहेत. बाजारभाव पडून विक्रीखर्च वजा जाता 560 पेक्षा कमी हाती येणार असेल, तर ती कमी रक्कमच धरा.

कमिशन 49,000 वर 4,900 रुपये. एजंटने आपले खर्च आणि कमिशन कापून 41,300 रुपये द्यायचे.

कन्साइनमेंट खात्यात नावे बाजूला माल 50,000, आपला खर्च 4,000, एजंटचा खर्च 2,800 आणि कमिशन 4,900, एकूण 61,700. जमेला विक्री 49,000, नुकसान 5,400 आणि शिल्लक 11,200, एकूण 65,600. नफा 3,900 रुपये.

पडताळा सोपा आहे: विकलेल्या प्रत्येक खोक्यावर 140 रुपये सुटले, म्हणजे 70 खोक्यांवर 9,800. त्यातून गोदामभाडे आणि कमिशन वजा केले की 3,900 च यायला हवेत. त्याऐवजी 4,040 आले, तर उतराई 90 ऐवजी 100 खोक्यांवर वाटून फुटलेल्या मालाच्याही माथी मारली आहे.