शोधनिबंध छापून आला; आता लिंक्डइनवर तो सगळ्यांना कळेल असा कसा सांगायचा?

निबंध प्रसिद्ध झाल्याचा ई-मेल येतो आणि त्याच उत्साहात आपण लिंक्डइन उघडतो. "कळवण्यास अतिशय आनंद होतो की..." अशी सुरुवात होते. मग निबंधाचं तीन ओळींचं शीर्षक, सहलेखकांची नावं आणि शेवटी लिंक. अभिनंदनाच्या कमेंट पडतात, पण त्यांतल्या बहुतेकांना निबंधात काय सापडलं हे कळलेलंच नसतं. पोस्टमध्ये ते लिहिलेलंच नसतं, तर कळणार कसं?

संशोधन करणाऱ्या मित्रमैत्रिणींच्या अशा पोस्ट मी बरीच वर्षं वाचून दुरुस्त करून देते. समजावून सांगताना मी दर वेळी एकच जुना निबंध घेते. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध डिसेंबर १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. गडचिरोलीच्या खेड्यांत, घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली तर मृत्यू किती कमी होतात, याची ती चाचणी होती. तेव्हा लिंक्डइन नव्हतं. आपण असं धरून चालू की निबंध आज सकाळी आला आहे आणि त्या गटातल्या कुणाला तरी पोस्ट लिहायची आहे.

१. आधी तारीख आणि लिंक

काही नियतकालिकं एक ठरावीक वेळ देतात आणि तिच्या आधी निष्कर्ष जाहीर करू देत नाहीत. स्वीकृतीच्या पत्रात ही अट असते, ती शोधा. नसेल तरी निबंध संकेतस्थळावर खरोखर दिसू लागेपर्यंत थांबा.

मग लिंक स्वतः उघडून पाहा, आणि तीही विद्यापीठाच्या नेटवर्कवरून नाही, घरच्या मोबाइलवरून. विद्यापीठात सगळं उघडतं, म्हणून वाचकाला पैसे मागणारी पाटी दिसते हे लेखकाच्या लक्षातच येत नाही. निबंध सर्वांसाठी खुला नसेल तर प्रकाशकाकडून काय मिळतं ते पाहा. लॅन्सेट ज्यांचं आहे ते एल्सव्हिअर लेखकांना ५० दिवस फुकट उघडणारी लिंक देतं. छापील पीडीएफ मात्र परवाना पाहिल्याशिवाय थेट लिंक्डइनवर चढवू नका.

एक बारीक गोष्ट. या निबंधाची कायमची लिंक अशी आहे:

```
https://doi.org/10.1016/S0140-6736(99)03046-9
```

मध्येच कंस आहेत. काही ठिकाणी अशी लिंक कंसापाशी तुटते आणि वाचक भलत्याच पानावर जातो. शिवाय लिंक्डइन लांब लिंक आखूड करून lnkd.in अशी दाखवतं, त्यामुळे ती कुठे नेते हे वाचकाला दिसत नाही. म्हणून नियतकालिकाचं नाव अक्षरांत लिहा आणि पोस्ट टाकल्यावर लिंक एकदा स्वतः दाबून बघा.

२. एक वाक्य, आणि त्यात माणसं हवीत

पोस्ट लिहायला घेण्याआधी एका कागदावर एकच वाक्य लिहा: कुणाच्या बाबतीत, कुठे, काय बदललं. निबंधाच्या शीर्षकाचं भाषांतर केलं तर "घरगुती नवजात काळजी व जंतुसंसर्ग व्यवस्थापनाचा नवजात मृत्युदरावर परिणाम" असं काहीतरी तयार होतं. त्यात माणूस कुठे दिसतच नाही. त्याऐवजी: "गावातल्याच बायकांना शिकवलं, आणि पहिल्या महिन्यात दगावणारी बाळं निम्म्याहून कमी झाली."

हे वाक्य तीन-चार तासांत जमत नसेल तर अडचण बहुधा भाषेची नसते. निबंधातल्या पाच निष्कर्षांपैकी कोणता सांगायचा हे ठरलेलं नसतं. या निबंधातही अर्भकमृत्यू, प्रसूतीच्या आसपासचे मृत्यू, संसर्गातले मृत्यू, खर्च असं बरंच आहे. पोस्टमध्ये मुख्य एक आणि आधाराला एखादा, एवढेच घ्या. बाकीचं निबंधात आहेच.

लिंक्डइन पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दाखवतं, पुढचं वाचायला दाबावं लागतं. तुमचं वाक्य त्या ओळींत बसलं पाहिजे. आनंद आणि आभार खाली न्या.

३. आकडे: इथेच बहुतेक पोस्ट घसरतात

या निबंधात ६२ हा आकडा दोनदा येतो, आणि म्हणूनच तो मला शिकवायला आवडतो. सुरुवातीला, १९९३ ते ९५ या काळात, ज्या गावांत पुढे काम झालं तिथे हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या २८ दिवसांत दगावत होती. काम सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, ते प्रमाण २५.५ वर आलं. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता ही घट ६२.२ टक्के भरते. म्हणजे एक ६२ हजारामागे आहे आणि दुसरा ६२ शेकड्यामागे.

सरावासाठी लिहिलेला एक मसुदा मी माझ्या वहिनीला वाचायला दिला. ती बँकेत आहे, आकड्यांत मुरलेली. त्यात लिहिलं होतं: "६२ इतका नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला." तिने वाचलं, थांबली आणि म्हणाली, "अगं, शंभरातली बासष्ट बाळं मरत होती?" मसुद्यात चुकीचं एक अक्षर नव्हतं, तरी तिला कळलं ते दहापट भयंकर होतं.

म्हणून टक्के सोडा आणि मोजता येतील अशी बाळं सांगा: हजारातली ६२ जात होती, आता पंचवीस-सव्वीस जातात. टक्केवारी द्यायचीच असेल तर या वाक्यानंतर द्या, आधी कधीच नाही.

दुसरा आकडाही असाच उलगडता येतो. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतला मृत्युदर १६.६ टक्क्यांवरून २.८ वर आला, असं निबंध सांगतो. संसर्गाच्या नोंदी उपचार सुरू होण्याआधी १६३ आणि नंतर ७१ होत्या. म्हणजे आधी १६३ पैकी २७ बाळं दगावली, नंतर ७१ पैकी २. तंत्रज्ञ नसलेल्या माणसाला हे वाक्य पुन्हा वाचावं लागत नाही.

शब्दांचंही तेच. निबंधातल्या 'कंट्रोल' गावांना 'नियंत्रित गावं' म्हटलं की वाटतं, तिथे कुणी पहारा ठेवला होता. 'तुलनेची गावं' म्हणा. 'सिग्निफिकंट'चं 'लक्षणीय' केलं की वाचक 'खूप मोठं' असं समजतो. निबंधात त्याचा अर्थ एवढाच, की हा फरक निव्वळ योगायोगाने दिसला असण्याची शक्यता फार कमी आहे. हे पोस्टमध्ये सांगायची गरज नसेल तर तो शब्द सरळ गाळा.

४. जे सिद्ध झालं नाही तेही लिहा

हा भाग लेखक टाळतात, कारण पोस्ट फिकी पडेल अशी भीती वाटते. पण मर्यादा लिहिली नाही तर वाचणारा स्वतःच्या मनाने निष्कर्ष ताणतो, आणि मग कमेंटमध्ये जाणकार तो खाली ओढतात. इथे काम झालेली ३९ गावं होती आणि तुलनेची ४७, पण कोणतं गाव कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. दोन्हीकडची सुरुवातीची परिस्थिती सारखी होती (हजारी ६२ आणि ५८), हे निबंध दाखवतो. तरीही हा एका जिल्ह्यातला, एका संस्थेने वर्षानुवर्षं राहून केलेला प्रयोग होता. दुसऱ्या ठिकाणी, सरकारी यंत्रणेतून तो असाच चालेल का, हे त्या निबंधातून कळत नव्हतं.

पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचा कार्यक्रम सुरू केला, हे आज आपल्याला माहीत आहे. १९९९ च्या पोस्टमध्ये "यामुळे देशाचं धोरण बदलेल" असं लिहिणं मात्र चुकीचंच ठरलं असतं. प्रसिद्धीच्या दिवशी आपल्या हातात जेवढा पुरावा असतो, तेवढंच बोलावं.

आणखी एक सापळा: निबंध म्हणतो की काळजी घेतलेल्या दर १८ नवजात बाळांमागे एक मृत्यू टळला. त्या एका मृत्यूत पोटातच दगावणारी बाळंही धरली आहेत. तेवढं सांगायला जागा नसेल तर तो आकडा वापरू नका.

५. आता पोस्ट

असा मसुदा होईल:

> गडचिरोलीच्या खेड्यांत हजार बाळं जन्मली की त्यांतली ६२ महिनाभरही जगत नव्हती. गावातल्याच बायकांना शिकवल्यावर तिसऱ्या वर्षी हा आकडा पंचवीस-सव्वीसवर आला.
>
> ३९ गावांतल्या या आरोग्य कार्यकर्त्या घरोघरी जाऊन बाळाचं वजन करतात, त्याला ऊबेत ठेवायला शिकवतात, संसर्गाची लक्षणं ओळखतात आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देतात. पूर्वी संसर्ग झालेल्या १६३ बाळांपैकी २७ दगावली होती. त्यांनी उपचार केलेल्या ७१ पैकी २ दगावली.
>
> एका बाळामागे खर्च आला ५.३ डॉलर.
>
> गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती आणि हा एकाच जिल्ह्यातला अनुभव आहे. इतरत्र काय होईल हे तपासायला हवं.
>
> निबंध 'द लॅन्सेट'मध्ये आजच आला आहे, लिंक खाली. काम त्या कार्यकर्त्यांचं आणि गावांचं आहे. सहलेखक सोबत जोडले आहेत.

डॉलरचे रुपये करून लिहिणं अधिक चांगलं, पण कुठल्या वर्षीचा दर धरला ते सांगा.

चित्र एकच जोडा, दोन खांबांचं: ६२ आणि २५.५, खाली "हजार जिवंत जन्मांमागे". निबंधातली आकृती उचलू नका. ती मोबाइलवर वाचता येत नाही आणि तिचे हक्क बहुधा प्रकाशकाकडे असतात. चित्राच्या पर्यायी मजकुरातही हेच आकडे लिहा, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनाही ते ऐकू येतील. ज्या गावांत काम झालं तिथल्या बाळाचा किंवा आईचा फोटो मात्र त्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय टाकू नका, तो कितीही बोलका असला तरी.

सहलेखकांना टॅग करण्याआधी मसुदा त्यांना दाखवा. त्यांच्या नावावर चुकीचं वाक्य फिरलं तर उत्तरं त्यांनाही द्यावी लागतात. मग विषयाशी संबंध नसलेल्या एका माणसाला तो वाचायला द्या आणि "कळलं का?" असं न विचारता "काय कळलं, मला सांग" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. दुसऱ्याने माझ्या वहिनीची बासष्ट बाळं बाहेर काढली.

६. टाकल्यानंतर

पहिल्या दिवशी कमेंट वाचायला वेळ राखून ठेवा. "इंजेक्शन देणं अप्रशिक्षित बायकांना कसं जमलं?" असा प्रश्न आला, तर निबंधातल्या प्रशिक्षणाच्या भागातली दोन वाक्यं तिथेच लिहा. "निबंध वाचा" असं म्हणू नका. तोच प्रश्न तिघांनी विचारला तर उत्तर मूळ पोस्टमध्ये घाला. आकडा चुकला असेल तर गुपचूप बदलू नका. दुरुस्त करा आणि पोस्टच्या शेवटी एक ओळ जोडा: "दुरुस्ती: आधी ६२ टक्के असं लिहिलं होतं, ते हजार जन्मांमागे ६२ असं हवं होतं." ज्यांनी ती पोस्ट पुढे पाठवली आहे त्यांनाही वेगळं कळवा, कारण त्यांच्या शब्दांतली चूक तुमच्या दुरुस्तीने बदलत नाही.