पोस्ट झालेलं बिल डिलीट करू नका : चुकीच्या राज्याचा जीएसटी लागलेल्या एका बिलाची दुरुस्ती

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे भागातल्या कारखान्यांच्या पार्टी मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या गिऱ्हाइकांच्या यादीत, एक गोष्ट हमखास सापडते. एकाच नावाचं गिऱ्हाईक दोनदा असतं. एक युनिट बेळगावात, दुसरं कोल्हापूरकडं शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावला. नाव तेच, पॅन तोच, फक्त जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे वेगळे : कर्नाटकचे २९ आणि महाराष्ट्राचे २७. बिल करणाऱ्यानं यादीतलं वरचं नाव निवडलं की पुढचा सगळा घोळ तिथंच सुरू होतो. इथल्या दुरुस्त्यांमध्ये सगळ्यात जास्त चुकीची हाताळली जाणारी दुरुस्ती हीच आहे, म्हणून तीच एक नीट बघू.

एक फाउंड्री धरा. ऑर्डर कोल्हापूरच्या युनिटची, ५०० कास्टिंग, नग ४०० रुपये, म्हणजे माल दोन लाखांचा. २० ऑगस्टला ४१२ नंबरचं बिल झालं, पण २९ च्या खात्यावर. त्यामुळं सिस्टीमनं राज्यातल्या राज्यात विक्री समजून १८ टक्के कर दोन भागांत लावला : सीजीएसटी १८,००० आणि एसजीएसटी १८,०००. खरं तर माल दुसऱ्या राज्यात चालला होता, तेव्हा आयजीएसटी ३६,००० लागायला हवा होता. बिलाची बेरीज दोन्हीकडं २,३६,००० च. म्हणून कुणाच्या डोळ्यांत काही खुपलं नाही. उतरवायचा पत्ता ऑर्डरवरून बरोबर आला होता, गाडी बरोबर जागी गेली, ५ सप्टेंबरला पूर्ण पैसेही आले.

११ सप्टेंबरला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरलं गेलं. १४ तारखेला कोल्हापूरच्या युनिटची जीएसटीआर-२बी, म्हणजे त्यांना खरेदीवर मिळणाऱ्या कराच्या क्रेडिटची यादी, तयार झाली आणि त्यात हे बिल नाही. मग त्यांच्या अकाउंटंटचा फोन आला. त्यांना क्रेडिट मिळत नाही, आणि कागद हातात असला तरी मिळणार नाही, कारण कर्नाटकचा एसजीएसटी महाराष्ट्राच्या नोंदणीवर घेताच येत नाही.

इकडं ऑफिसात पहिलं वाक्य ठरलेलं : “ते बिल डिलीट मारून टाका की ओ, रक्कम तर तीच हाय.” टॅलीवर वाढलेल्या माणसाला हे सहज सुचतं. तिथं Alt+D दाबलं की व्हाउचर गेलं. नव्या ईआरपीत ते बटणच सापडत नाही, आणि मग सिस्टीम अडमुठी आहे असं वाटायला लागतं.

मास्टर बदलून बिल सुधारत नाही

डिलीट जमत नाही म्हटल्यावर पुढची युक्ती म्हणजे पार्टी मास्टरमध्ये जाऊन जीएसटी नंबर आणि पत्ता बदलणं, आणि बिल परत छापणं. ही चूक डिलीटपेक्षा वाईट आहे, कारण ती यशस्वी झाल्यासारखी दिसते. काही सिस्टीम छापताना पत्ता मास्टरमधून ताजा उचलतात. कागदावर कोल्हापूर येतं, २७ येतं. पण पोस्ट झालेल्या नोंदीत कर सीजीएसटी-एसजीएसटीच राहतो, आणि ई-इनव्हॉइसच्या क्यूआर कोडमध्ये जुना २९ चा नंबर जसाच्या तसा असतो. आता एकाच ४१२ नंबरची दोन रूपं फिरतायत. वर बेळगाव युनिटच्या पुढच्या खऱ्या बिलांवरही चुकीचा नंबर येणार ते वेगळंच.

ओळखायची खूण सोपी आहे. क्यूआर कोड स्कॅन करा आणि त्यातला घेणाऱ्याचा नंबर छापील नंबराशी जुळवा. जुळला नाही तर कुणीतरी मास्टरला हात लावलाय.

सिस्टीम का अडून बसते

४१२ हा एक कागद नाही. ते पोस्ट झालं तेव्हा गिऱ्हाइकाच्या खात्यावर २,३६,००० चढले, विक्रीत दोन लाख गेले, कराच्या दोन खात्यांत १८-१८ हजार. त्याआधी मालाच्या जावक नोंदीनं ५०० नग त्यांच्या हीट नंबरसकट, म्हणजे कुठल्या वितळणीचे ते सांगणाऱ्या नंबरसकट, साठ्यातून उतरले आणि त्यांची किंमत खर्चात गेली. मग ५ सप्टेंबरची जमा या बिलाशी जोडली गेली. कुणी सॉफ्टवेअरवाल्याला गाठून डेटाबेसमधून बिलाची ओळ उडवली, तर या बाकीच्या ओळी मागं लटकत राहतात. जमा आहे पण ती कशाची ते सांगता येत नाही, जावक आहे पण बिल नाही. ताळेबंद जुळेनासा होतो आणि कारण शोधायला काही उरलेलं नसतं.

दुसरी बाजू कायद्याची. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणं बिलांचे नंबर आर्थिक वर्षात एकापाठोपाठ एक हवेत, आणि जीएसटीआर-१ च्या तक्ता १३ मध्ये कुठपासून कुठपर्यंत नंबर वापरले, त्यांतले रद्द किती, हे द्यावं लागतं. रद्द झालेला नंबर दाखवता येतो. गायब झालेला कसा दाखवणार? नियम ५६(८) तर थेट सांगतो की हिशोबातली नोंद खोडायची, पुसायची किंवा तिच्यावर लिहायचं नाही. चुकीच्या नोंदीवर सहीनिशी रेघ मारायची आणि मग बरोबर नोंद लिहायची. हिशोब संगणकावर असेल तर बदललेल्या किंवा काढलेल्या प्रत्येक नोंदीचा लॉग ठेवायचा. भागीदारीतली फाउंड्री असो की एकट्याची, नोंदणी असली की हे लागू. कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून बंद न करता येणारा एडिट लॉग असलेलंच सॉफ्टवेअर वापरायचं बंधन वेगळं.

आणि काहीही उडवलं तरी सरकारी पोर्टलवर ई-इनव्हॉइसला मिळालेला नंबर, म्हणजे आयआरएन, तिथं जिवंतच असतो.

रिव्हर्सल की क्रेडिट नोट

यात गल्लत फार होते. ढोबळ कसोटी एकच : कागद दाराबाहेर गेलाय का? माल निघायच्या आधी, त्याच दिवशी चूक दिसली, तर बिल रद्द करून उलट नोंद करावी. सॅपमध्ये बिलासाठी VF11 आणि नुसत्या अकाउंट्सच्या नोंदीसाठी FB08, ईआरपीनेक्स्टमध्ये Cancel. आयआरएन मात्र पोर्टलवर २४ तासांतच रद्द होतो, आणि रद्द झालेला बिल नंबर परत वापरता येत नाही. म्हणजे “४१२ रद्द करून ४१२ च परत काढू” हेही जमत नाही.

आपल्या उदाहरणात २४ तास केव्हाच गेले, रिटर्न भरलं, पैसे आले. इथं क्रेडिट नोटच, म्हणजे मूळ बिल तसंच ठेवून त्याची रक्कम उलटवणारा वेगळा कागद. ऑगस्टचा बंद केलेला महिना उघडून तिथं मागच्या तारखेची उलट नोंद घालायचा मोह टाळा. तशी नोंद घातली की पुस्तकातला ऑगस्ट आणि भरलेला ऑगस्ट वेगळे होतात, आणि ते वर्षअखेरीला उकरावं लागतं.

आता क्रमानं.

आधी ५ सप्टेंबरच्या जमेची ४१२ शी असलेली जोडणी सोडवा. सॅपमध्ये त्यासाठी FBRA आहे. जमा रद्द करायची नाही, पैसे बँकेत खरोखर आलेत. फक्त जोडणी सोडायची.

मग ४१२ उघडून त्याच्यावरूनच क्रेडिट नोट काढा, कोरी नवीन नको. तसं केलं की मूळ बिलाचा नंबर आणि तारीख आपोआप येते. तारीख आजची, गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर २९ चाच, कर सीजीएसटी १८,००० आणि एसजीएसटी १८,०००. चूक जशी झाली तशीच ती उलटवायची असते. क्रेडिट नोटवर आयजीएसटी टाकून “दुरुस्त” करणारे लोक असतात. त्यानं दोन्ही कर चुकतात. उलाढाल पाच कोटींवर असेल तर क्रेडिट नोटचाही आयआरएन घ्यावा लागतो.

इथंच सगळ्यात लपलेली चूक होते. माल परत आलेला नाही. क्रेडिट नोटमध्ये साठा वाढवायची खूण, ईआरपीनेक्स्टमध्ये Update Stock, चालू राहिली तर कोल्हापुरात मशीनवर चढलेले ५०० नग तुमच्या गोदामात जमा होतात. नवीन बिलानं ते परत उतरतील असं वाटतं, पण मध्ये महिनाअखेर आली की साठा दोन लाखांच्या मालानं फुगलेला. शिवाय परत उतरताना सिस्टीम दुसराच हीट नंबर उचलू शकते, आणि पुढं एखाद्या नगाला भेग निघाली तर तो कुठल्या वितळणीचा हे सांगता येत नाही. फाउंड्रीत ही गोष्ट करापेक्षा महाग पडते. क्रेडिट नोट केल्यावर साठ्याचा रिपोर्ट काढा. तो जागचा हलला नसेल तरच पुढं जा.

त्यानंतर २७ च्या खात्यावर नवीन बिल : दोन लाख, आयजीएसटी ३६,०००, आजची तारीख, पुढचा नंबर. तेही साठ्याला हात न लावता, शक्य तर जुन्या जावक नोंदीवरूनच. शेऱ्यात ४१२, जुनी जावक आणि ई-वे बिलाचा नंबर लिहा. गाडी महिन्यापूर्वीच गेलीय, तेव्हा नवीन ई-वे बिल काढू नका.

शेवटी जमा. ती २९ च्या खात्यावर पडलीय आणि नवीन बिल २७ च्या खात्यावर आहे. जर्नलनं २,३६,००० एका खात्यावरून दुसऱ्यावर न्या आणि नवीन बिलाशी जोडा. हे राहिलं तर एका खात्यावर गिऱ्हाइकाचं येणं आणि दुसऱ्यावर देणं दिसत राहतं, आणि पूर्ण पैसे दिलेल्या माणसाला थकबाकीचं पत्र जातं.

सगळं झाल्यावर २९ च्या खात्यात बिल आणि क्रेडिट नोट एकमेकांना मारतात, जमा येऊन निघून गेलेली दिसते, शिल्लक शून्य. २७ च्या खात्यात नवीन बिल आणि वळवलेली रक्कम, शिल्लक शून्य. कराच्या खात्यांत सीजीएसटी-एसजीएसटी परत आलेले आणि आयजीएसटी ३६,००० लागलेला.

बेळगाव युनिटच्या अकाउंटंटलाही एक फोन करा. त्यांच्या २बी मध्ये ४१२ आलेलं असणार. त्यांनी न बघता त्याचं क्रेडिट घेतलं असेल तर ते त्यांना उलटवावं लागेल, आणि पोर्टलवर तुमची क्रेडिट नोट स्वीकारावी लागेल. त्यांनी ती नाकारली तर कमी झालेला कर परत तुमच्या देण्यात येऊन बसतो. आयजीएसटी उशिरा लागल्याचं पुढं काय करायचं, ते रिटर्न भरण्याआधी सीएला विचारून घ्या.

या सगळ्याला मुदत आहे. ज्या आर्थिक वर्षातलं बिल, ते संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, जे आधी होईल तोवरच ही क्रेडिट नोट कर कमी करते. नंतर हिशोबापुरती काढता येते, पण तिनं कर कमी होत नाही.