एक्सवाय-विंगमध्ये माझा ९ कुठे चुकला

अवघड सुडोकूत मी प्रत्येक घरात शक्य आकडे पेन्सिलने लिहितो. परवा पाचव्या ओळीच्या पाचव्या घरात ३-७ उरले होते. त्याच ओळीच्या पहिल्या घरात ३-९, आणि मधल्या चौकटीतच, चौथ्या ओळीच्या सहाव्या घरात ७-९. एक्सवाय-विंग, म्हणजे दोन-दोन आकड्यांच्या अशा तीन घरांवरून आकडा खोडण्याची युक्ती, सापडली म्हणून मी लगेच पाचव्या ओळीच्या आठव्या घरातला ९ खोडला. थोड्या वेळाने आठव्या स्तंभात ९ ला जागाच उरली नाही!

मग सगळं पुसून कारण नीट मांडलं. मधल्या, ३-७ वाल्या घरात ३ आला तर पहिलं घर ९ होतं. ७ आला तर ७-९ वालं घर ९ होतं. म्हणजे ३-९ आणि ७-९ या दोन टोकांपैकी एकात ९ नक्की, पण कुठल्या ते माहीत नाही. म्हणून ९ खोडायचा तो दोन्ही टोकं दिसतात, म्हणजे प्रत्येक टोक ज्याच्या ओळीत, स्तंभात किंवा चौकटीत आहे, अशाच घरातून. आठव्या घराला पहिलं टोक आणि मधलं घर दिसत होतं, दुसरं टोक नाही. मी मधल्या घराला टोक समजलो होतो.

दोन्ही टोकं दिसणारी घरं होती चौथ्या ओळीतली पहिली तीन, आणि पाचव्या ओळीतली चौथं व सहावं. ही शेवटची दोन सहज नजरेतून सुटतात. चौथ्या ओळीच्या दुसऱ्या घरात ४-९ होते. ९ गेला, ४ पक्का झाला. आता खोडण्याआधी मी दोन्ही टोकांवर बोट ठेवून बघतो.