फ्युएल ट्रिम वाचून व्हॅक्यूम लीक कसा शोधावा

चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर `P0171` आला, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलू नका. आधी लाइव्ह डेटामध्ये `STFT` आणि `LTFT` हे दोन फ्युएल ट्रिम बघा. `STFT` म्हणजे संगणक या क्षणी पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय. तीच दुरुस्ती सतत करावी लागली की तो ती `LTFT` मध्ये साठवतो. निदान करताना दोन्हींची बेरीज धरायची. ती शून्याच्या आसपास, दहाच्या आत असली तर काळजी नाही.

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, एसी बंद ठेवा. आधी आयडलवर आकडे लिहून घ्या, मग २५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरून पुन्हा लिहा. माझ्याकडे आलेल्या एका चार सिलिंडरच्या गाडीत आयडलला `STFT` +९ आणि `LTFT` +१६ होता, म्हणजे एकूण +२५. रेस दिल्यावर +२ आणि +५, एकूण फक्त +७. हीच लीकची खूण. एअर फ्लो सेन्सरला चुकवून फटीतून इंजिनात शिरणारी हवा फारशी वाढत नाही, पण रेस दिल्यावर इंजिन मुळातच जास्त हवा घेतं, त्यामुळे चोरटी हवा त्यात नगण्य ठरते. उलट रेस आणि लोडवर बेरीज चढत गेली, तर पेट्रोल पंप, फिल्टर किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर बघा.

आता जागा शोधायची. इंजिन आयडलला ठेवून मॅनिफोल्डला जाणारा एकेक रबरी पाइप मऊ जबड्याच्या चिमट्याने दाबा आणि नजर `STFT` वर ठेवा. ब्रेक बूस्टरचा पाइप दाबला, आकडा हलला नाही. पीसीव्हीचा दाबताच तो +९ वरून −१२ वर आला. उणे आकडा बघून गोंधळू नका: `LTFT` अजून +१६ वरच आहे, बेरीज +४ झाली. पाइप काढून वाकवला तेव्हा कोपऱ्याच्या खालच्या बाजूची चीर उघडली. वरून ती दिसतच नव्हती. गॅस्केटवर संशय असेल तर धुराची चाचणी करून घ्या. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारल्यास भडका उडू शकतो.

पाइप बदलल्यावर कोड पुसा, गाडी थोडी चालवा आणि आयडलची बेरीज पुन्हा तपासा.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. हे गणित एअर फ्लो सेन्सरच्या गाड्यांचं आहे. फक्त मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर, असलेल्या गाडीत लीकमुळे वाढलेला दाब त्याला कळतो आणि संगणक पेट्रोलही त्याप्रमाणे वाढवतो. तिथे ट्रिम बऱ्याचदा ठीक दिसतात, आयडल मात्र चढलेला असतो.