पेशीविभाजनावर ‘जोड्या लावा’ आणि ‘क्रम लावा’ : एकच उत्तर निघेल असा प्रश्न कसा तयार करावा

घटक चाचणीत मी एकदा जोड्यांच्या प्रश्नात लिहिलं होतं, ‘केंद्रकावरण नाहीसे होते’. माझ्या उत्तरसूचीत त्यापुढे पूर्वावस्था होती. पेपर तपासायला घेतले तर वर्गातल्या बऱ्याच मुलांनी मध्यावस्था लिहिलेली. दुसऱ्या दिवशी एक मुलगी पुस्तक उघडून टेबलाशी आली. पूर्वावस्थेत केंद्रकावरण नाहीसं व्हायला सुरुवात होते, या ओळीवर तिचं एक बोट होतं आणि मध्यावस्थेत ते पूर्ण नाहीसं होतं, या ओळीवर दुसरं. म्हणाली, “बाई, सुरुवात इथं आहे आणि शेवट तिथं. मग नाहीसं कधी होतं म्हणायचं?” तिचं बरोबर होतं. दोन्ही उत्तरांना गुण दिले आणि त्या दिवसापासून या घटकावर प्रश्न काढायची माझी पद्धत बदलली. तीच इथे सांगते. उदाहरण दहावीच्या सूत्री विभाजनाचं घेतलं आहे.

पहिलं काम : घटनांची यादी

प्रश्न लिहायच्या आधी कोऱ्या कागदावर चारही अवस्थांतल्या घटना एकाखाली एक लिहून काढा. प्रत्येक घटनेपुढे दोन गोष्टी नोंदवा : ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते. हा कागद अर्ध्या तासात होतो आणि पुढचा बहुतेक गोंधळ तिथेच संपतो.

मग यादीत दोन प्रकारच्या घटना वेगळ्या दिसू लागतात. काही एकाच अवस्थेत घडून जातात. गुणसूत्रबिंदू दुभंगणं ही पश्चावस्थेचीच घटना आहे, ती दुसरीकडे कुठे टाकता येत नाही. काही घटना मात्र दोन अवस्थांवर पसरलेल्या असतात. केंद्रकावरण विरणं त्यातलंच. गुणसूत्रांचं वलीभवन, म्हणजे गुंडाळत जाऊन आखूड आणि जाड होणं, हेही पूर्वावस्थेत सुरू होतं आणि मध्यावस्थेत पूर्ण होतं. पसरलेल्या घटना टाळायची गरज नाही, पण वाक्यात ‘सुरुवात होते’, ‘पहिल्यांदा दिसू लागतात’, ‘पूर्ण होते’ असे शब्द आलेच पाहिजेत. नुसतं ‘होते’ लिहिलं की तिथे दोन उत्तरं शिरतात.

पेशी कोणती हेही कागदाच्या डोक्यावर लिहा. मुलांनी प्रयोगशाळेत पाहिलेली असते कांद्याच्या मुळाच्या टोकाची काचपट्टी, आणि पुस्तकातली आकृती बहुधा प्राणीपेशीची असते. कांद्याच्या पेशीत तारककेंद्र नसतं. तर्कुतंतू असतात, ध्रुव असतात, पण तारककेंद्र नाही. त्यामुळे कांद्याच्या मुळाचं चित्र देऊन त्याखाली ‘तारककेंद्रे विरुद्ध ध्रुवांना जातात’ हे वाक्य जोडायला सांगितलं, तर नीट शिकलेलं मूलच अडखळेल. शेवटच्या टप्प्यातही तसंच : प्राणीपेशीत बाहेरून आत खाच पडत जाते, वनस्पतीपेशीत मधोमध पेशीपटल तयार होतं.

जोड्या लावा

चार अवस्था आणि चार घटना समोरासमोर मांडायच्या, ही आपली जुनी सवय. तिचा तोटा असा की ज्याला तीन जोड्या येतात त्याला चौथी आपोआप मिळते. त्यातून आणखी एक गंमतशीर गोष्ट निघते : चारास चार अशा जोड्यांत कुणाला नेमके तीन गुण मिळूच शकत नाहीत. एक जोडी चुकली की तिने दुसऱ्या कुणाची तरी जागा घेतलेली असते, म्हणजे किमान दोन चुकतात. तीन अवस्था पक्क्या येणारं मूल चार गुण घेऊन जातं आणि त्याची चौथी कच्ची आहे हे आपल्याला कळतच नाही.

म्हणून मी घटना जास्त आणि अवस्था कमी ठेवते, आणि सूचनेत स्पष्ट लिहिते : ‘एक पर्याय एकापेक्षा जास्त वेळा वापरता येईल.’ असा हा प्रश्न पाहा.

‘अ’ गट
1. गुणसूत्रे आखूड व जाड होऊन पहिल्यांदा दिसू लागतात.
2. सर्व गुणसूत्रे विषुववृत्तीय प्रतलावर आलेली असतात.
3. प्रत्येक गुणसूत्राचा गुणसूत्रबिंदू दुभंगतो.
4. गुणसूत्रे उलगडून पुन्हा नाजूक धाग्यांसारखी होतात.
5. केंद्रकावरण नाहीसे व्हायला सुरुवात होते.
6. डीएनएची दुसरी प्रत तयार होते.

‘ब’ गट
(अ) विभाजन सुरू होण्याआधी (ब) पूर्वावस्था (क) मध्यावस्था (ड) पश्चावस्था (इ) अंत्यावस्था

उत्तर : 1–ब, 2–क, 3–ड, 4–इ, 5–ब, 6–अ.

सहावं वाक्य मी मुद्दाम घातलं आहे. पूर्वावस्थेत गुणसूत्र जोडीनं दिसायला लागतं, म्हणून ते तिथेच दुप्पट झालं असं पुष्कळ मुलं धरून चालतात. खरं तर दुप्पट होण्याचं काम आधीच उरकलेलं असतं, पूर्वावस्थेत ते फक्त दिसण्याइतकं जाड होतं. ज्यांनी 6–ब लिहिलं, त्यांच्याशी नेमकं काय बोलायचं ते लगेच कळतं. चुकीच्या उत्तरातून मुलाचा विचार दिसला, तर तो पर्याय चांगला.

आता तपासणी. सहाही वाक्यं एकेक करून पाचही पर्यायांपुढे ठेवा आणि विचारा, ‘हे इथे बसवून कुणी माझ्याशी वाद घालू शकेल का?’ तीस वेळा विचारावं लागतं, कंटाळा करू नका. माझं केंद्रकावरणाचं वाक्य या चाळणीतून गेलं असतं तर तिथेच अडकलं असतं. याच वेळी शब्दांतून उत्तर फुटत नाही ना, तेही बघून घ्या. ‘गुणसूत्रे पेशीच्या मध्यभागी येतात’ असं लिहिलं की ‘मध्य’ हा शब्दच मध्यावस्थेकडे बोट दाखवतो. म्हणून वर ‘विषुववृत्तीय प्रतल’ आहे.

क्रम लावा

इथे अवस्थांची नावं अजिबात द्यायची नाहीत. नावांचा क्रम पाठ असतोच, घटनांचा असेलच असं नाही. एकाच अवस्थेत बरोबरीनं चालणाऱ्या दोन घटनाही एका प्रश्नात नकोत. अंत्यावस्थेत केंद्रकावरण तयार होतं आणि केंद्रकी दिसू लागते, यात आधी कोण हे मुलांना का विचारायचं? प्राणीपेशीतल्या खाचेचंही तसंच. ती पश्चावस्थेच्या शेवटी किंवा अंत्यावस्थेत पडू लागते, त्यामुळे ‘खाच पडते’ आणि ‘केंद्रकावरण तयार होते’ ही वाक्यं शेजारी आली की क्रम डळमळतो.

मी वापरते ती कसोटी साधी आहे : आधीची घटना घडल्याशिवाय पुढची घडूच शकत नाही, असं प्रत्येक शेजारच्या जोडीबद्दल म्हणता आलं पाहिजे.

‘एकाच सूत्री विभाजनातील पुढील घटना सुरुवातीपासून योग्य क्रमाने लावा.’
अ. जन्यगुणसूत्रे विरुद्ध ध्रुवांकडे सरकतात.
ब. गुणसूत्रे आखूड व जाड होऊन दिसू लागतात.
क. ध्रुवांवर पोहोचलेल्या गुणसूत्रांच्या प्रत्येक संचाभोवती केंद्रकावरण तयार होते.
ड. सर्व गुणसूत्रे विषुववृत्तीय प्रतलावर येतात.
इ. प्रत्येक गुणसूत्राचा गुणसूत्रबिंदू दुभंगतो.

उत्तर : ब–ड–इ–अ–क.

आधी माझ्या मसुद्यात ‘तर्कुतंतू गुणसूत्रबिंदूंना जोडले जातात’ असंही एक वाक्य होतं. तर्कु म्हणजे सूत कातायची चाती. दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये फुगीर अशी ती तंतूंची रचना दिसते, म्हणून हे नाव. प्रत्यक्षात हे तंतू आधी जोडले जातात आणि त्यांच्या ओढाताणीनंच गुणसूत्रं मधल्या प्रतलावर येतात. पण पुस्तकात मध्यावस्थेच्या परिच्छेदात रांगेत येण्याचं वाक्य आधी आणि तंतूंचं नंतर छापलेलं असेल, तर मूल तोच क्रम लिहिणार आणि त्याला चूक म्हणणं अन्याय होईल. ते वाक्य मी काढलं. वर्गात मात्र ही गोष्ट जरूर सांगते.

‘एकाच’ आणि ‘सुरुवातीपासून’ हे दोन शब्दही गाळू नका. पेशीचं चक्र गोल आहे : अंत्यावस्थेतून आलेली पेशी पुढे पुन्हा पूर्वावस्थेत जाऊ शकते. सुरुवात सांगितली नाही तर कुठूनही सुरू केलेलं वर्तुळ बरोबरच ठरतं.

गुण कसे द्यायचे

समजा एका मुलानं ड–इ–अ–क–ब असं लिहिलं. जागेनुसार तपासलं तर पाचपैकी एकही अक्षर आपल्या जागी नाही, म्हणजे शून्य. पण त्याला ड ते क हा सगळा क्रम येतो, फक्त ‘दिसू लागतात’ हे वाक्य त्यानं शेवटी टाकलं. म्हणून शेजारच्या जोड्या मोजा. बरोबर उत्तरात चार जोड्या आहेत : ब–ड, ड–इ, इ–अ, अ–क. या मुलाच्या उत्तरात त्यातल्या तीन सापडतात. चारपैकी तीन गुण हे त्याच्या ज्ञानाचं खरं माप आहे. या पद्धतीत पाच वाक्यांना चार गुण, हे आधीच ठरवून प्रश्नापुढे लिहा.

चित्रं देणार असाल तर

काचपट्टीचे फोटो घेताना मध्यावस्थेची पेशी बाजूनं दिसणारीच निवडा. ध्रुवाच्या बाजूनं पाहिली तर गुणसूत्रं ओळीत न दिसता झुबक्यासारखी किंवा कड्यासारखी दिसतात आणि मुलं तिला पूर्वावस्था म्हणतात. पश्चावस्थेची निवडताना दोन संच नुकते वेगळे होऊन केळीच्या घडांसारखे दिसताहेत, अशी घ्या. संच अगदी टोकाला पोहोचलेली पेशी पश्चावस्था की अंत्यावस्था, यावर दोन शिक्षकांचंही एकमत होत नाही. कांद्याच्या मुळात पूर्वावस्थेतल्या पेशी भरपूर सापडतात, पश्चावस्थेची शोधायला बऱ्याच पट्ट्या पालथ्या घालाव्या लागतात. ती अवस्था लवकर उरकते, हेच त्याचं कारण.

अर्धगुणसूत्री विभाजन त्याच चाचणीत असेल तर हीच वाक्यं जशीच्या तशी चालणार नाहीत. गुणसूत्रबिंदू तिथेही दुभंगतो, पण पहिल्या फेरीच्या पश्चावस्थेत नाही, दुसऱ्या फेरीच्या. पहिल्या फेरीत सजातीय गुणसूत्रं जोडीतून वेगळी होतात. तेव्हा प्रत्येक प्रश्नाच्या सूचनेत विभाजनाचं नाव घाला आणि घटनांचा कागद त्यासाठी वेगळा करा.

छपाईला देण्याआधी प्रश्न, उत्तरसूचीशिवाय, दुसऱ्या एखाद्या विज्ञान शिक्षकाला सोडवायला द्या. त्यांचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आलं तर समजावत बसू नका, ते वाक्य बदला.